चर्चासत्राचे प्रास्ताविक : वजनात मारलेल्या हळदीची क्षमा कोणाकडे मागायची?

संयोजक_सांगली

नमस्कार. आमच्या महाविद्यालयात पुढच्या महिन्यात ‘क्षमा आणि पश्चात्ताप : वेगवेगळ्या परंपरांची समज’ या विषयावर विद्यार्थ्यांचे चर्चासत्र आहे. पाच वक्ते आहेत आणि प्रास्ताविक मी करणार आहे. मला आठ मिनिटे मिळणार आहेत. ‘सर्व धर्म क्षमाच शिकवतात’ असे म्हणून दीप उजळायचा आणि खाली बसायचे, हे मला करायचे नाही. सगळ्या वक्त्यांसमोर एकच प्रसंग ठेवावा आणि प्रत्येकाने आपल्या परंपरेतून त्याचे उत्तर द्यावे, असे मनात आहे. मसुदा खाली देत आहे. चुका असतील तर कृपया स्पष्ट सांगा.

‘मित्रहो, मराठीत एकाच गोष्टीसाठी आपण दोन शब्द वापरतो आणि त्यांतला फरक सहसा आपल्या लक्षात येत नाही. क्षमा हा शब्द संस्कृतातल्या ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ सोसणे असा आहे, आणि म्हणूनच पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. माफी हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि तो आपण कर्जमाफीत, फीमाफीत वापरतो. तिथे कोणी काही सोसत नाही, वहीतली बाकी पुसली जाते. आता एक प्रसंग पाहू. तो कल्पित आहे. सांगलीच्या पेठेतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने बारा वर्षे आपल्या काट्यावर पोत्यामागे अर्धा किलो कमी दाखवला. उतारवयात त्याला ते छळू लागले. त्याला तीन शेतकऱ्यांची नावे आठवतात. त्यांपैकी एक वारला आहे. बाकीचे शेकडो शेतकरी कोण होते, कोणत्या गावचे होते, हे त्याला आता सांगता येत नाही. त्याने कोणाकडे जायचे? आणि तो गेला, तर समोरच्याने सोसायचे की बाकी पुसायची?’

यानंतर प्रत्येक परंपरेविषयी दोन-दोन वाक्ये आहेत. ज्यू परंपरेत योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी उपवास आणि प्रार्थना केल्याने वर्षाची सर्व पापे धुतली जातात, ख्रिस्ती परंपरेत पाद्र्याजवळ कबुली दिल्याने क्षमा मिळते, इस्लाममध्ये तौबा केली की अल्ला माफ करतो, जैन बांधव ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणून वर्षाचे वैर संपवतात आणि हिंदू परंपरेत प्रायश्चित्त आहे, असे मी लिहिले आहे. एवढे पुरेसे आहे का?

सूत्रसंचालन_मदत

प्रास्ताविकात आधी पाहुण्यांचे स्वागत आणि मग ईशस्तवन घ्यावे. भाषण पाठ असेल तर परीक्षकांवर चांगला परिणाम होतो. माझ्याकडे स्वागतपर चारोळ्या आहेत. हव्या असतील तर पाठवीन.

संयोजक_सांगली

आभारी आहे. ही स्पर्धा नाही, त्यामुळे परीक्षक नाहीत. स्वागत दुसरी विद्यार्थिनी करणार आहे. मला केवळ विषयाच्या मांडणीबद्दल मत हवे आहे.

निवृत्त_विश्रामबाग

प्रसंग उत्तम निवडला आहे, पण त्यानंतरच्या दोन-दोन वाक्यांनी तो वाया जाईल, कारण तुमचे प्रत्येक वाक्य देवाशी संबंधित अपराधाचे उत्तर देते आणि तुमचा व्यापारी माणसाचा अपराधी आहे. ज्यू परंपरेपासूनच पाहा. मिश्नेत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या त्यांच्या विधिसंग्रहात, स्वच्छ लिहिले आहे की माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधाचे योम किप्पुर परिमार्जन करतो, परंतु माणूस आणि माणूस यांच्यातल्या अपराधाचे तोपर्यंत करत नाही, जोपर्यंत अपराध्याने त्या माणसाचे समाधान केलेले नाही. म्हणजे तुमच्या वाक्यातला अर्धा भाग बरोबर आहे, आणि नेमका हळदीच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्रकाराने याची कृतीच सांगितली आहे. आधी घेतलेले परत करायचे. पैसे फेडले तरी मन वळवणे उरते, म्हणून समक्ष जाऊन क्षमा मागायची. त्याने नकार दिला तर त्याच्या ओळखीची तीन माणसे घेऊन जायचे, आणि असे तीनदा करायचे. त्यानंतरही तो ऐकत नसेल तर त्याला सोडून द्यायचे, कारण मग क्षमा नाकारणाराच दोषी ठरतो. अपराध ज्याचा केला तो मेला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचे, त्यांच्यासमोर आपला अपराध बोलून दाखवायचा आणि देणे वारसांना द्यायचे. तुमच्या वारलेल्या शेतकऱ्याचे उत्तर इथे मिळते.

आता उरलेले शेकडो. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खोट्या मापाविषयी तालमुदात, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथात, असा विचार आहे की हे पाप व्यभिचारापेक्षाही जड आहे, कारण तिथे पश्चात्तापाला वाट आहे आणि इथे ती बंद होते. कोणाला किती बुडवले हेच ठाऊक नसेल, तर परत कोणाला करणार? म्हणून ज्यांची ओळख पटते त्यांना त्यांचे परत करावे आणि बाकीच्यांसाठी सार्वजनिक उपयोगाची कामे करावीत, विहिरी आणि पाण्याची टाकी खोदावीत, असे तिथे सांगितले आहे. पाणी सगळेच पितात, तेव्हा ज्याला बुडवले तोही कधीतरी पिईल, असा त्यामागचा हिशेब आहे. आपल्या जत-आटपाडीकडच्या माणसाला हे उत्तर समजावून सांगावे लागणार नाही.

मिरज_प्रेस्बिटेरियन

‘पाद्र्याजवळ कबुली’ हे वाक्य बदलावे अशी विनंती आहे. ती पद्धत कॅथलिक मंडळीत आहे, आणि तिथेही कबुली म्हणजे सर्व काही नव्हे. मनाचा खेद, तोंडाने कबुली आणि केलेल्या नुकसानीची भरपाई अशी तिची अंगे आहेत. मिरजेच्या आमच्या मंडळीचा वारसा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा आहे. आम्ही पाप देवाजवळ कबूल करतो, आणि उपासनेत सर्व मंडळी मिळून कबुलीची प्रार्थना करतात. त्यासाठी पाळकाची मध्यस्थी लागत नाही.

मात्र देवाजवळ कबुली दिली म्हणजे शेतकऱ्याला टाळता येते, असे कोणत्याच मंडळीला म्हणता येणार नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. आणि तुमच्या व्यापाऱ्यासाठी तर जक्कय आहे. तो जकातदार होता. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करीन, असे तो स्वतःहून म्हणाला.

संयोजक_सांगली

आपणा दोघांचे मनापासून आभार. मी हिशेब करून पाहिला. आठवणाऱ्या एका शेतकऱ्याने एका हंगामात 40 पोती घातली असे धरले तर 20 किलो मारले गेले. किलोला 80 रुपये भाव धरला तर 1,600 रुपये होतात. जक्कयाच्या मापाने 6,400 रुपये द्यावे लागतील. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असे वाचले होते, त्याप्रमाणे 1,920 होतात. हे भाषणात सांगितले तर चालेल का?

निवृत्त_विश्रामबाग

आकडे सांगा, श्रोत्यांना ते धरून ठेवता येतात. दोन गोष्टी तपासून घ्या. तो पाचवा हिस्सा प्रत्येक लबाडीला नाही. ज्याने देणे नाकारून खोटी शपथ घेतली आणि मागाहून स्वतः कबूल केले, त्याला तो आहे. दुसरे असे की तालमुदातले आचार्य पाचवा हिस्सा एकूण फेडीचा धरतात, म्हणजे मूळ रकमेचा चौथा. त्या हिशेबाने 1,600 वर 400 येतात आणि 2,000 द्यावे लागतात. भाषणात एवढ्या खोलात गेला नाहीत तरी चालेल, पण कोणी विचारले तर उत्तर जवळ असावे.

हिंदू परंपरेविषयी ‘प्रायश्चित्त आहे’ एवढेच लिहिणे हा त्या परंपरेवर अन्याय आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग मोजताना पहिला ख्यापन, म्हणजे पाप उघड सांगणे, आणि दुसरा अनुताप असा क्रम आहे. तप त्यानंतर येते. त्याच अध्यायात दुसऱ्याच्या घरातून कमी मोलाच्या वस्तू चोरणाऱ्याला सांतपन कृच्छ्र सांगितले आहे, आणि तिथे ‘तन्निर्यात्य’ असा एक छोटा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘ते परत करून’. चोरलेले आधी परत करायचे आणि मग व्रत. उपवास करून पोते पचवायची मुभा तिथे नाही. मात्र ज्याचे चोरले त्याची क्षमा मागावी, असे त्या श्लोकात नाही. व्रत आत्मशुद्धीसाठी आहे, असेच शब्द आहेत. हा फरक झाकू नका. तुमच्या पाचही वक्त्यांना त्यावर बोलता येईल.

क्षमावणी_सांगलीवाडी

मी दिगंबर जैन कुटुंबातली आहे. सांगली-कोल्हापूर भागातला आमचा समाज बहुतांश दिगंबर आणि मराठी बोलणारा, त्यात पुष्कळसा शेती करणारा आहे. ‘मिच्छा मि दुक्कडं’ हे आता सर्वांच्या तोंडी झाले असले तरी ते प्रामुख्याने श्वेतांबर बांधवांचे, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशीचे, संवत्सरीचे वाक्य आहे. आमचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होते. त्यातला पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो आणि अनंत चतुर्दशीनंतर क्षमावणी येते. त्या दिवशी आम्ही ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. भाषणात दोन्ही शब्द आले तर सभागृहातल्या अनेकांना बरे वाटेल.

आता तुमच्या व्यापाऱ्याविषयी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारे दोष, सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा शब्द आहे. देताना कमी आणि घेताना जास्त माप वापरणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे श्रावकाच्या व्रतात काट्याची लबाडी नाव घेऊन सांगितली आहे. असा दोष घडला तर गुरूंपुढे आलोचना करायची, म्हणजे काहीही न लपवता तो सांगायचा, प्रतिक्रमण करायचे, म्हणजे त्या दोषातून मागे फिरायचे, आणि गुरू सांगतील ते प्रायश्चित्त घ्यायचे.

क्षमावणीचा अर्थ मात्र तुमच्या ‘वैर संपवतात’ या शब्दांपेक्षा वेगळा आहे. ‘खामेमि सव्व जीवे’ या गाथेत आम्ही सर्व जीवांना क्षमा करतो आणि सर्व जीवांनी मला क्षमा करावी अशी इच्छा धरतो. त्या सर्व जीवांत पाण्यातले आणि मातीतले एकेंद्रिय जीवही येतात. ते कधीच ‘केली क्षमा’ असे उत्तर देणार नाहीत. याचा अर्थ समोरून उत्तर येण्यावर ही क्षमा अवलंबून नाही. माझ्यातला क्रोध आणि मान गळावा यासाठी ती आहे. ज्यू परंपरेत त्या माणसाच्या दारात तीनदा जावे लागते, कारण क्षमा त्याच्या हातात आहे. आमच्याकडे क्षमा हा जीवाचा स्वतःचाच धर्म मानला आहे.

तासगाव_बेदाणा

हे सगळे वाचून लिहावे की नाही असे झाले होते, पण लिहितो. आमच्या वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीत माझ्या चुलत भावाने बेदाण्याच्या दोन हंगामांची पट्टी स्वतःच्या नावावर घेतली आणि माझा वाटा दिला नाही. गेली चार वर्षे दर सणाला त्याचा मला फोनवर संदेश येतो, हात जोडल्याचे चित्र असते आणि ‘कळत नकळत काही चुकले असेल तर क्षमा असावी’ असे लिहिलेले असते. तो संदेश दोनशे लोकांना एकदम गेलेला असतो. पैशाचा विषय तो कधीच काढत नाही. मी उत्तर दिले नाही की घरातली वडीलधारी माणसे मलाच म्हणतात, ‘त्याने मागितली ना क्षमा, मग तू का ताणून धरतोस?’ माझा प्रश्न असा आहे की आता दोषी कोण ठरतो? वर म्हटले आहे की तीनदा मागूनही नाकारणारा दोषी. मग मी दोषी झालो का?

क्षमावणी_सांगलीवाडी

दादा, तुमच्या भावाने आलोचना केलेली नाही. आलोचनेत दोष नाव घेऊन सांगावा लागतो. ‘कळत नकळत’ हे शब्द आमच्याही प्रार्थनेत येतात, पण जे कळून केले ते त्या शब्दांच्या आड ठेवणे म्हणजे दोष लपवणे, आणि लपवून केलेल्या आलोचनेला आमच्या शास्त्रांत पुन्हा दोषच मानले आहे. तरीही मी एवढे म्हणेन की तुमच्या मनातला क्रोध तुम्ही तुमच्यासाठी सोडू शकता. त्यासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही.

निवृत्त_विश्रामबाग

ज्यू कायद्याप्रमाणे आपण दोषी होत नाही. तीन वेळांचा तो नियम घेतलेले परत केल्यानंतरचा आहे, आणि तिथेही समक्ष जाणे अपेक्षित आहे. आपल्याकडचेही एक सांगतो. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बली यांचा संवाद ऐकवते. त्यात प्रल्हाद म्हणतो की नेहमी तेज दाखवणे श्रेयस्कर नाही आणि नेहमी क्षमा करणेही श्रेयस्कर नाही. जो सदैव क्षमा करतो त्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत. युधिष्ठिर त्यावर क्षमेची बाजू मांडतो आणि द्रौपदीचे समाधान होत नाही. महाभारताने तो वाद तसाच राहू दिला आहे.

वर बहिणींनी मांडलेल्या एका गोष्टीशी मात्र माझे मन सहमत होत नाही. ज्याचे बुडाले त्यालाच ‘तू तुझा क्रोध सोड’ असे आधी सांगितले गेले, की बुडवणाऱ्यावरचा भार हलका होतो. घरातली वडील मंडळी नेमके तेच करत आहेत.

क्षमावणी_सांगलीवाडी

ती भीती खरी आहे. पण क्रोध सोडणे आणि हिशेब सोडणे मी एक मानत नाही. पट्टीतला वाटा मागत राहूनही मनात वैर न ठेवणे शक्य आहे, असे मला वाटते. अवघड आहे, हे मान्य.

शामना_मीरा_परिसर

मिरजेच्या दर्ग्याजवळ राहतो. तौबेविषयी लिहितो. ‘तौबा केली की अल्ला माफ करतो’ हे तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी लिहिलेल्या शर्तींपुढे अपुरे आहे. गुनाह अल्लाच्या हक्कातला असेल तर तीन शर्ती आहेत. तो तिथेच थांबवायचा, त्याची खंत वाटली पाहिजे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क मारला असेल तर चौथी शर्त येते. तो हक्क त्याला परत करायचा किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यायचा. ही चौथी शर्त नसेल तर तौबा पुरी होत नाही.

मापाविषयी तर कुराणात स्वतंत्र सूराच आहे, त्र्याऐंशीवी, मुतफ्फिफीन. घेताना पुरे माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार करूनच ती सुरू होते. आणि एक हदीस आहे, ती तुमच्या ‘वहीतली बाकी’ या उपमेला फार जवळची आहे. पैगंबरसाहेबांनी विचारले, मुफलिस कोण? लोक म्हणाले, ज्याच्याजवळ पैसा नाही तो. ते म्हणाले की माझ्या उम्मतीतला मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल. मग त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटून दिल्या जातील, आणि त्या संपल्या तर त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातील. मालक सापडत नसतील तर त्यांच्या नावाने तेवढी रक्कम सदका, म्हणजे दान, करावी, असे फुकहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, सांगितले आहे. विहीर खोदण्याची गोष्ट वाचून मला याचीच आठवण झाली.

तासगावच्या भाईंना एक सांगतो. तुम्ही माफ केले तर तो तुमचा मोठेपणा आहे आणि त्याचा मोबदला अल्लाकडे आहे. पण तुमचा हक्क मागणे हा गुनाह नाही.

धम्मवाचक_कुपवाड

पाच वक्त्यांत बौद्ध परंपरेचा कोणी नसेल तर एक प्रसंग प्रास्ताविकातच घ्यावा. सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रू बुद्धांपुढे पित्याच्या वधाची कबुली देतो. बुद्ध ती स्वीकारतात आणि म्हणतात की दोष दोष म्हणून पाहणे आणि पुढे संयम ठेवणे यातच वाढ आहे. राजा निघून गेल्यावर मात्र ते भिक्खूंना सांगतात की याने पित्याला मारले नसते तर याच आसनावर याला धम्मचक्षू लाभले असते. कबुली स्वीकारली गेली, तरी कर्माचा परिणाम उरला. इथे बाकी पुसणारा कोणी नाही.

संयोजक_सांगली

आपण सर्वांनी माझा मसुदा मुळापासून बदलायला लावला. परंपरांविषयीची दोन-दोन वाक्ये मी काढून टाकली आहेत, कारण ती वक्त्यांनीच सांगावीत. बौद्ध परंपरेसाठी सहावा वक्ता शोधत आहे. प्रसंग तोच ठेवला आहे आणि त्यानंतर हे लिहिले आहे :

‘या व्यापाऱ्यासमोर तीन दारे आहेत. पहिले दार त्या शेतकऱ्याचे, ज्याला तो ओळखतो आणि जो जिवंत आहे. तिथे 1,600 रुपये आहेत आणि एक माणूस आहे, जो नाही म्हणू शकतो. दुसरे दार वारलेल्याचे. तिथे रक्कम घ्यायला वारस आहेत, पण क्षमा करायला कोणी नाही. तिसऱ्या ठिकाणी दारच नाही, तिथे नुसती गावे आहेत. प्रत्येक वक्त्याला मी विनंती करते की आपल्या परंपरेप्रमाणे हा माणूस या तिन्ही ठिकाणी काय करील, ते सांगावे. आणि दुसरी विनंती अशी की पहिल्या दारातल्या शेतकऱ्याने पैसे घेतले आणि क्षमा नाकारली, तर त्याला आपण काय म्हणणार आहोत, हेही सांगावे.’

तासगावच्या दादांची परवानगी असेल तर दोनशे लोकांना एकदम गेलेल्या त्या संदेशाचा उल्लेख गाव आणि नाते न सांगता करावा असे वाटते.

तासगाव_बेदाणा

परवानगी आहे. एवढेच करा की ‘क्षमा न करणारा’ असा माझा उल्लेख नको. मी अजून काहीच ठरवलेले नाही. माझ्याकडे अजून कोणी क्षमा मागायला आलेलेच नाही.

निवृत्त_विश्रामबाग

मसुदा आता उभा राहिला आहे. एकच सूचना करतो. ‘क्षमा करायला कोणी नाही’ हे वाक्य प्रास्ताविकात निर्णय देऊन टाकते. कबरीपाशी दहा माणसे नेणाऱ्याला तसे वाटत नसावे. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा.

क्षमावणी_सांगलीवाडी

आणि ‘तीन दारे आहेत’ म्हणून पुढे ‘तिसऱ्या ठिकाणी दारच नाही’ असे झाले आहे. पहिल्या वाक्यात ‘तीन ठिकाणे’ म्हणावे.

संयोजक_सांगली

दोन्ही दुरुस्त्या केल्या.